थोरल्याला अलमट्टी, धाकट्याला कोयना: एकाच प्रश्नाची दोन उत्तरं फोन का देतो

कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की सांगलीत जो तो फोनवर एकच गोष्ट शोधू लागतो: आयर्विन पुलाजवळ पाणी किती? चाळीस फुटांना इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. या प्रश्नाचं उत्तर एक आकडा आहे, आणि तो सगळ्यांना सारखाच मिळतो. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. पूर येतो कशामुळे? हा प्रश्न शेजारीशेजारी बसलेल्या दोन माणसांनी विचारला तरी दोघांच्या फोनवर वेगवेगळं चित्र उभं राहू शकतं.

आमच्या ओळखीत दोन भाऊ आहेत. थोरले नदीकाठी शेती करतात, २०१९च्या महापुरात ऊस आणि गोठा दोन्ही पाण्याखाली गेलेलं त्यांनी पाहिलंय. धाकटा पुण्यात नोकरीला. गणपतीत घरी आला की जेवताना हा विषय निघतोच. थोरले म्हणतात, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी मागं फुगतं म्हणून आपण बुडतो. धाकटा म्हणतो, दादा, कोयनेतून पाणी वेळेवर सोडलं नाही आणि पूररेषेत बांधकामं झाली, म्हणून. दोघांकडे व्हिडिओ असतात, दोघांकडे बातम्या असतात. आणि दोघांनाही मनापासून वाटतं की समोरचा शोधतच नाही, नाहीतर त्यालाही हेच दिसलं असतं. मला काळजी वाटते ती या वाटण्याची. कारण समोरचा शोधतो. त्याला दिसतं ते वेगळं असतं.

यालाच फिल्टर बबल म्हणतात. २०११च्या सुमारास एली परायझर या अमेरिकी कार्यकर्त्यानं हा शब्द रूढ केला. तुमच्या आधीच्या वागण्यावरून तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून तेवढंच पुढ्यात ठेवलं जातं, आणि बाकीचं आपल्याला दाखवलं गेलं नाही हेही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. पण हा शब्द आपल्याकडे इतका सरसकट वापरला जातो की नक्की काय, किती आणि कुठे वाकतं हे बाजूला राहतं. ते एकदा नीट पाहिलं की उपायही नेमका सापडतो.

गूगलच्या शोधात उत्तरं वाकवणाऱ्या मुख्य गोष्टी तीन. पहिली, तुम्ही कुठून विचारताय. दुसरी, तुम्ही आधी काय शोधलंत आणि कशावर बोट ठेवलंत. तिसरी, तुम्ही प्रश्न कोणत्या शब्दांत आणि कोणत्या भाषेत टाकलात. बहुतेक लोक सगळा दोष दुसरीला देतात. शोधाच्या बाबतीत बराचसा फरक पहिली आणि तिसरी करते, असं माझं मत आहे, आणि ते हवेतलं नाही.

गूगलनं २००९च्या डिसेंबरपासून लॉगिन न केलेल्या माणसालाही त्याच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकी नावाच्या छोट्या नोंदीवरून, मागच्या १८० दिवसांच्या शोधांच्या आधारे, वेगळे निकाल द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून ही भीती वाढली. मग २०१३ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. दोनशे खऱ्या माणसांच्या खात्यांवरून तेच ते शोध करून पाहिल्यावर, सरासरी ११.७ टक्के निकालांमध्ये वैयक्तिकीकरणामुळे फरक पडलेला दिसला. म्हणजे शंभरातले जवळपास अठ्ठ्याऐंशी निकाल त्यामुळे हलले नव्हते. पुढे त्यांनी बनावट खाती तयार करून एकेक गोष्ट बदलून पाहिली, तेव्हा ठळक परिणाम दोनच गोष्टींचा निघाला: खात्यात लॉगिन असणं आणि इंटरनेटच्या पत्त्यावरून कळणारं ठिकाण. २०१८ साली गूगलनंही सांगितलं की आपल्या शोधात वैयक्तिकीकरण फार थोडं आहे, आणि जे आहे ते बहुतांशी ठिकाणावरून किंवा लगेच आधी केलेल्या शोधावरून ठरतं. कंपनीचं म्हणणं आहे, ते तेवढ्याच सावधपणे घ्यायचं. पण स्वतंत्र मोजमापाशी ते बऱ्यापैकी जुळतं.

ठिकाणाचा परिणाम कळायला वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती आठवा. तोच पेपर, तोच दिवस, पण सांगलीच्या पानावर विट्याची बातमी आणि पुण्याच्या पानावर मेट्रोची. गूगलही शोधणाऱ्याच्या गावानुसार पान बदलतं. ‘धरण विसर्ग’ एवढंच टाकलं तर सांगलीकराला कोयना, वारणा दिसण्याची शक्यता जास्त आणि पुणेकराला खडकवासला. यात कुणी कुणाचं मन वाचलेलं नसतं.

गंमत अशी की आपलं ठिकाण गूगलला बरोबर माहीत असतंच असं नाही. निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे एका गावाचं नाव लिहिलेलं असतं, आणि ते कशावरून ठरवलं तेही असतं: तुमच्या उपकरणावरून, आधीच्या अ‍ॅक्टिव्हिटीवरून, की इंटरनेटच्या पत्त्यावरून. फोनचं लोकेशन बंद ठेवून मोबाइल डेटावर शोधलं तर सांगलीत बसलेल्या माणसाला तिथे पुणे किंवा मुंबई दिसू शकतं, कारण मोबाइल कंपनीचं जाळं मोठ्या शहरातून बाहेर पडतं. थोरल्यांच्या फोनवर सांगली आणि मोबाइल डेटावरच्या दुसऱ्या फोनवर पुणे लिहिलेलं असेल, तर निम्म्या फरकाचं कारण तिथेच सापडलं. ठिकाण चुकीचं असेल तर शेजारी ते अद्ययावत करण्याची सोय असते.

त्याच तळाशी आणखी एक ओळ पाहायची. निकाल तुमच्यासाठी बदललेले आहेत की नाहीत, हे गूगल तिथे सांगतं. इंग्रजी मांडणीत Results are personalized असं दिसतं आणि त्याला लागून Try without personalization हा दुवा. तो दाबला की तोच शोध वैयक्तिकीकरणाशिवाय पुन्हा होतो. फार थोड्या लोकांना ही ओळ माहीत आहे, कारण पानाच्या तळापर्यंत कुणी जातच नाही. हा दुवा दाबल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्यात `pws=0` एवढी शेपटी जोडली जाते. संगणकावर शोधत असाल तर ती हातानंही लावता येते:

```
https://www.google.com/search?q=सांगली+महापूर+कारणे&pws=0
```

यानं जाते ती फक्त तुमच्या इतिहासाची छाया. ठिकाण आणि भाषा जागच्या जागी राहतात. म्हणून कुणी सांगितलं की ही शेपटी लावली की निकाल ‘शुद्ध’ होतात, तर ते खरं नाही. क्रम लावलेले निकाल कधीच शुद्ध नसतात. कुणीतरी कुठल्या तरी निकषावर एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवलेलंच असतं. आपण इथे करतोय ते एवढंच की त्या निकषांतून स्वतःला वजा करतोय.

आता दोन फोनवर फरक दिसला की तो वैयक्तिकीकरणाचाच आहे हे ओळखायचं कसं? इथे घाई होते. वर सांगितलेल्या संशोधकांनी एक छान काळजी घेतली होती. प्रत्येक शोधासोबत ते हुबेहूब तसाच दुसरा शोध खातं नसलेल्या कोऱ्या ब्राउझरवरून, त्याच क्षणी करत. कारण अगदी सारख्या दोन शोधांतही थोडा फरक पडतोच. गूगलची यंत्रं वेगवेगळ्या केंद्रांत आहेत, नवी पानं मिनिटामिनिटाला नोंदली जातात, आणि काही वापरकर्त्यांवर नवे प्रयोग चाललेले असतात. हा मुळातला खडखडाट आधी वजा केला, तर उरलेला फरक खरा.

हे घरीही करता येतं. दोन फोन एकाच वायफायवर घ्या. प्रश्न एकानं टाइप करून दुसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे दोघांकडे अक्षर न अक्षर सारखं राहील. ‘महापूर’ आणि ‘पूर’ एवढ्या फरकानंही निकाल हलतात. दोन्ही फोनवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, क्रोममध्ये तिला Incognito म्हणतात, आणि एकाच वेळी शोधा. पहिले दहा निकाल समोरासमोर ठेवा. समजा दोन निकाल इकडचे तिकडे झालेत. तर हा तुमचा खडखडाट. मग तोच शोध दोघांनी आपापल्या खात्यातून करा. आता सहा निकाल वेगळे आले, तर त्यांतल्या चारेकांचा विचार करण्यासारखा आहे. पुन्हा दोनच वेगळे आले, तर तुमच्या इतिहासानं या प्रश्नापुरतं काही केलेलं नाही, आणि भांडणाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

खासगी खिडकीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. ती गूगलपासून तुम्हाला लपवत नाही. ती तुमचं खातं आणि जुन्या कुकी बाहेर ठेवते, बस. इंटरनेटचा पत्ता तोच, म्हणून ठिकाण तेच. शिवाय त्या खिडकीत तुम्ही एकापाठोपाठ एक शोध केलेत तर आधीच्या शोधाची सावली पुढच्यावर पडू शकते. ‘अलमट्टी’ शोधून लगेच ‘पूर कारणे’ टाकलं, तर दुसरा शोध कोरा राहिला नाही. प्रत्येक तुलनेआधी सगळ्या खासगी खिडक्या बंद करायच्या आणि नव्यानं उघडायच्या.

खात्यात काय साठलंय हे पाहायला `myactivity.google.com` उघडा. तिथे Web & App Activity या नावाखाली तुमचे शोध तारखेनुसार लावलेले दिसतात. पहिल्यांदा पाहणारा माणूस गप्पच होतो. पहाटे पोराला ताप असताना शोधलेलंही तिथे असतं. एखादी नोंद काढता येते, एखादा दिवस काढता येतो, सगळंच पुसता येतं. ठरावीक काळानं आपोआप पुसण्याची सोय आहे, ३, १८ किंवा ३६ महिन्यांची. २०२०च्या जूननंतर उघडलेल्या नव्या खात्यांना १८ महिने आधीच लावून दिलेले असतात, पण त्याआधीचं खातं असेल आणि तुम्ही कधी हात लावला नसेल, तर सगळा साठा तसाच पडलेला असू शकतो. इथे लोक एका गोष्टीत चुकतात. नोंद ठेवणं बंद केलं म्हणजे जुनी नोंद गेली असं होत नाही. बंद करणं आणि पुसणं या दोन वेगळ्या कृती आहेत, दोन्ही कराव्या लागतात. बंद करताना पुसायचंही का, असा पर्याय तिथेच मिळतो, तो घ्यायचा.

मी स्वतः सगळं बंद करा असं सांगणार नाही. नोंद बंद केली की नकाशावर आधी शोधलेली ठिकाणं पटकन येत नाहीत, अर्धवट शब्दावरून तुमचा नेहमीचा शोध सुचत नाही, आणि वयस्कर माणसांना ते गैरसोयीचं वाटतं. तीन महिन्यांची आपोआप पुसणी बहुतेक घरांना पुरेशी आहे. ज्या प्रश्नावर दोन बाजू आहेत, तेवढाच खासगी खिडकीतून शोधायचा.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ती कुठल्याही सेटिंगनं बंद होत नाही.

थोरल्यांनी टाकलेले शब्द होते ‘अलमट्टीमुळे सांगलीत पूर’. या प्रश्नात उत्तर आधीच लिहिलेलं आहे. शोधयंत्राचं पहिलं काम तुम्ही दिलेल्या शब्दांशी जुळणारी पानं आणणं हे आहे. ज्या पानावर ‘अलमट्टीमुळे’ आणि ‘पूर’ हे शब्द एकत्र आहेत, ते पान तसं म्हणणाऱ्याचंच असण्याची शक्यता जास्त. धाकट्यानं टाकलं होतं ‘कोयना विसर्ग चूक सांगली पूर’. त्याचंही तेच. दोघांची खाती अदलाबदल केली असती तरी निकाल साधारण असेच आले असते, कारण बुडबुडा खात्यात नव्हता, प्रश्नात होता.

म्हणून आधी प्रश्नातून कारण काढून टाकायचं: ‘सांगली महापूर २०१९ कारणे’. एवढ्यानंही पान बदलतं. पण त्यातही जास्तीत जास्त पाहिली जाणारी, नुकतीच आलेली पानं वर येतात, आणि अलमट्टीची उंची हा चालू वाद असल्यानं तो सगळं व्यापून टाकतो. तेव्हा काळाची चौकट घालायची. महापूर ऑगस्ट २०१९चा. त्यानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २०२० साली आला. तर शोध असा बांधायचा:

```
सांगली महापूर कारणे समिती अहवाल after:2019-08-01 before:2020-12-31
```

`after:` आणि `before:` नंतर मोकळी जागा सोडायची नाही आणि तारीख वर्ष, महिना, दिवस याच क्रमानं, इंग्रजी आकड्यांत लिहायची. आता नंतरच्या वर्षांतला गदारोळ बाजूला होतो आणि त्या वेळचं लिखाण समोर येतं. वडनेरे समितीनं महापुरासाठी अलमट्टी आणि हिप्परगी या धरणांना जबाबदार धरलं नव्हतं; अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर तिचा भर होता. हे थोरल्यांच्या फोनवर त्यांच्या शब्दांनी शोधून सहजासहजी वर येणार नाही. उलट बाजूही तेवढीच खरी. समितीचं हे मत अनेकांना मान्य झालं नाही, पुढेही अभ्यास करवले गेले आणि महाराष्ट्र सरकारनं अलमट्टीची उंची वाढवायला विरोध केला. हे धाकट्याच्या शब्दांनी वर येणार नाही. कोण बरोबर हे ठरवायला जलविज्ञान लागतं, ते माझं क्षेत्र नाही. पण दोघांच्याही समोर दोन्ही गोष्टी याव्यात एवढं शोधातून नक्की साधतं.

यापुढे मूळ कागद पाहायचा असेल तर सरकारी संकेतस्थळांपुरता शोध आवळता येतो:

```
Krishna basin flood 2019 committee report site:gov.in filetype:pdf
```

हा शोध मी मुद्दाम इंग्रजीत दिलाय. आपल्याकडचे पुष्कळ मराठी सरकारी कागद जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले असतात किंवा नुसते स्कॅन करून चढवलेले असतात. डोळ्याला ती मराठी दिसते, पण यंत्राला त्यातला ‘पूर’ हा शब्द नीट वाचता येत नाही. त्यामुळे मराठी शब्दांनी शोधलं तर बातम्या आणि व्हिडिओ भरपूर येतात, मूळ अहवाल मात्र मागे राहतो. मराठीत शोधणाऱ्या माणसाचं हे खरंखुरं नुकसान आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्या भाषेत विचारणाऱ्याला ऐकीव माहिती आधी आणि दस्तऐवज शेवटी, हा भेद कुठल्याही अल्गोरिदमनं आपलं मन वाचून केलेला नाही. कागद नीट चढवले गेले असते तर तो झालाच नसता.

आणखी एक वाट सांगलीकरांना सहज मोकळी आहे, ती कन्नडची. जतकडच्या कुणाला तरी ‘अलमट्टी धरण उंची’ कन्नडमध्ये लिहून द्यायला सांगा आणि ते शोधात टाका. कन्नड येत नसेल तर ब्राउझरचं भाषांतर चालतं, ओबडधोबड का होईना. तिकडच्या बातम्यांमध्ये हाच विषय सिंचनाचा आणि विस्थापनाचा आहे. धरणात सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवलं जातं. कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१०च्या निवाड्यात ५२४.२५६ मीटरपर्यंत परवानगी दिली, तेव्हा विजयपूर, बागलकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात पाणी दिसतं, आणि ज्याचं गाव त्या वाढीव पाण्यात जाणार त्याला पुनर्वसनाचा प्रश्न दिसतो. आपल्याकडे बसून मराठीत कितीही शोधलं तरी हा माणूस दिसत नाही. थोरल्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हंजे बुडणारी तिकडंबी हायतच की.’ त्यांचं मत बदललं नाही, पण बोलण्यातला सूर बदलला.

गूगलखेरीज दुसरं शोधयंत्र वापरून पाहणंही सोपं आहे. डकडकगो वापरणाऱ्याची ओळख साठवत नाही, त्यामुळे जुन्या शोधांवरून निकाल वाकण्याचा प्रश्न येत नाही. स्टार्टपेज मुख्यतः गूगलचेच निकाल आणतं, पण विचारणारा कोण हे गूगलला कळू न देता. मराठीसाठी डकडकगोचे निकाल मला तोकडे वाटतात. तरी दोन यंत्रांच्या पहिल्या पानांत काय सामायिक नाही, एवढं पाहण्यासाठी ते उपयोगी आहे.

इथवर शोधाचं झालं. यूट्यूबचं गणित निराळं आहे. तिथे इतिहासाचा परिणाम थोडा नाही, तिथे जवळजवळ सगळं इतिहासावरच उभं आहे.

यूट्यूब उघडल्यावर पहिलं पान तुम्ही न विचारताच भरलेलं असतं. शोधात निदान तुमचा प्रश्न तरी असतो. इथे प्रश्नही नाही. २०१८ साली यूट्यूबच्याच अधिकाऱ्यानं जाहीरपणे सांगितलं होतं की लोक तिथे घालवतात त्या वेळातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारस केलेल्या व्हिडिओंवर जातो. थोरल्यांनी एका पावसाळी रात्री अलमट्टीचे तीनचार व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. सकाळी पहिलं पान त्याच विषयानं भरलेलं. त्यात २०१९चे, २०२१चे जुने व्हिडिओही, ‘सांगली बुडाली’ अशा मथळ्यांचे. पुराच्या दिवसांत हे नुसतं मताचं भांडण राहत नाही. जुना व्हिडिओ आजचा समजून माणूस रात्री जनावरं सोडतो, किंवा उलट, सारखी खोटी हाकाटी पाहून खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणून व्हिडिओखाली तारीख पाहणं आणि शोधताना अपलोडच्या तारखेचा फिल्टर लावणं या दिवसांत सक्तीचं समजावं.

पहिलं पान बदलायचं तर यूट्यूब काही बटणं देतं. व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांमध्ये Not interested आणि Don't recommend channel असे दोन पर्याय असतात. बहुतेक जण पहिला दाबतात. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२२ साली वीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या मदतीनं ही बटणं तपासली, तेव्हा ‘नको’ म्हटलेल्यासारखे व्हिडिओ पुन्हा येणं Not interested दाबल्यानं ११ टक्केच कमी झालं. Don't recommend channel दाबल्यानं ४३ टक्के. पाहिलेला व्हिडिओ इतिहासातून काढून टाकल्यानं २९ टक्के. म्हणजे सगळ्यात चांगलं बटणही निम्म्याहून कमी काम करतं. बटण दाबूनही तेच येतंय म्हणून आपलंच काही चुकलं असं वाटून घेऊ नये.

पक्का उपाय इतिहासाचा आहे. वर सांगितलेल्या पानावरच YouTube History हा वेगळा विभाग आहे. Web & App Activity बंद केली तरी हा चालूच राहतो, हे लक्षात ठेवायला हवं. थोरल्यांच्या फोनवर त्या विभागात जाऊन ‘अलमट्टी’ शोधलं आणि त्या रात्रीच्या नोंदी तेवढ्या पुसल्या. एकेक काढायला वेळ लागतो, पण त्यांची भजनं आणि ऊस लागवडीचे व्हिडिओ शाबूत राहिले. पान लगेच पालटलं नाही. हळूहळू ते व्हिडिओ विरळ झाले. सगळा इतिहास पुसून नोंदही बंद केली तर २०२३च्या ऑगस्टपासून यूट्यूब पहिलं पान जवळपास कोरंच ठेवतं. काही जणांना ते रिकामं वाटतं. मला स्वतःला ते आवडतं, कारण मग काय पाहायचं ते आपण लिहून मागतो.

एखादा नाजूक विषय एकदाच पाहायचा असेल तर पुसापुशीही नको. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्येच खासगी वापराची सोय आहे, Turn on Incognito नावाची, खात्याच्या चित्रावर बोट ठेवलं की मिळते. त्यात पाहिलेलं खात्याच्या इतिहासात जात नाही. घरात एकच फोन तीन माणसं वापरत असतील तर हे फारच कामाचं, नाहीतर आजोबांनी पाहिलेलं नातवाच्या पुढ्यात येतं.

राहिला पाण्याचा आकडा. त्यासाठी शोधयंत्राच्या क्रमवारीत शिरायचंच कशाला? जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ आणि केंद्रीय जल आयोगाचं पूर अंदाजाचं पान कोरड्या दिवसांत एकदा उघडून ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येक फोनच्या मुख्य पडद्यावर त्याचा शॉर्टकट काढा. क्रोममध्ये तीन टिंबांतून Add to Home screen निवडलं की तो येतो. जल आयोगाचे आकडे मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात, आपण बोलतो ते फूट पुलाच्या मोजपट्टीवरचे. एकातून दुसरं थेट काढता येत नाही, तेव्हा तिथे आकड्यापेक्षा पाणी इशारा पातळीच्या वर आहे की खाली आणि चढतंय की उतरतंय, हे वाचायचं.